सराव पाठाचे टाचण कसे लिहावे : आठवीच्या एका गणित पाठाच्या आधारे

बी.एड.च्या पहिल्या वर्षी सूक्ष्म अध्यापनाचे पाठ संपले की पूर्ण तासिकेचे सराव पाठ सुरू होतात आणि उद्दिष्टे, अध्ययन अनुभव, मूल्यमापन अशा रकान्यांची टाचणवही हातात येते. सूक्ष्म अध्यापनात पाच-सहा मिनिटांत एकच कौशल्य दाखवायचे असते, त्यामुळे तेथे हे रकाने एकमेकांशी जोडलेले नसले तरी निभावते. पूर्ण पाठात मात्र ते जोडलेले नसतील तर पाठ डोळ्यांदेखत फसतो आणि बऱ्याचदा शिकवणाऱ्याला ते कळतही नाही.

पुण्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी आठवीला ‘समांतरभुज चौकोनाचे क्षेत्रफळ’ हा पाठ घेतला, तेव्हा माझे असेच झाले. संकलनाच्या वेळी मी सूत्र विचारले आणि साऱ्या वर्गाने ‘पाया गुणिले उंची’ असे एका सुरात सांगितले. उद्दिष्ट साध्य झाले, असे मी टाचणात लिहिले. दुसऱ्या दिवशी गृहपाठाच्या वह्या तपासल्या, तर निम्म्याहून अधिक मुलांनी पाया आणि तिरकी बाजू यांचा गुणाकार केलेला होता. सूत्र त्यांना पाठ होते, परंतु उंची कोणती हे ठाऊक नव्हते. तोच पाठ पुढे दुसऱ्या तुकडीवर घेताना मी टाचण उलट क्रमाने लिहिले : आधी मूल्यमापनाचे प्रश्न, मग उद्दिष्टे आणि शेवटी कृती. ती पद्धत येथे त्याच पाठाच्या आधारे मांडतो. तुमचा विषय वेगळा असला तरी क्रम हाच ठेवून पाहा.

१. लिहायला बसण्यापूर्वी काय गोळा करावे

घटक मिळाला की सर्वप्रथम शाळेतील विषय शिक्षकांना भेटावे. वर्ग कोठपर्यंत आला आहे, पटावर किती मुले आहेत, बाक हलवता येतात का आणि तासिका नेमकी किती मिनिटांची आहे, हे त्यांच्याकडूनच कळते. दोन अधिवेशनांत भरणाऱ्या शाळांत सकाळ आणि दुपारच्या तासिका सारख्या असतीलच असे नाही. पस्तीस मिनिटांचे टाचण तीस मिनिटांच्या तासिकेत नेले, तर कात्री सर्वांत आधी मूल्यमापनावर चालते.

जवळ असाव्यात अशा वस्तू पुढीलप्रमाणे :

- बालभारतीचे चालू आवृत्तीचे पाठ्यपुस्तक. जुन्या आवृत्तीतील उदाहरणे व क्रम वेगळे असू शकतात.
- महाविद्यालयाने दिलेला पाठ टाचणाचा नमुना आणि पाठ निरीक्षणाचा तक्ता. निरीक्षक कशावर शेरा देणार आहेत, हे तक्त्यात आधीच लिहिलेले असते.
- टाचणवही, आणि कच्चे टाचण लिहिण्यासाठी सुटे कागद.
- या पाठापुरते साहित्य : एक सेंटिमीटर चौकटींचा कागद, कात्र्या, डिंक, गुण्या, जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या, चार छोटे नटबोल्ट आणि रोल-अप फळा. अप्पा बळवंत चौकातील दुकानांत यातील कागद, पुठ्ठा आणि फळा एका फेरीत मिळतो.

२. आशय विश्लेषण : मूल कोठे अडखळेल ते शोधा

आशय विश्लेषणाच्या रकान्यात बहुतेक जण पाठ्यपुस्तकातील उपघटकांची नावे उतरवतात. त्याने रकाना भरतो, पण पाठाला काही उपयोग होत नाही. येथे तीन गोष्टी लिहाव्यात : मुलाला आधीपासून काय येते, आज नवे काय आहे आणि त्या नव्यात घसरण्याची जागा कोणती.

आपल्या पाठात मुलाला आयताचे क्षेत्रफळ येते, समांतरभुज चौकोनाच्या संमुख बाजू समान असतात हे येते आणि गुण्याने लंब काढता येतो. नवे एवढेच की, समांतरभुज चौकोनाचा एक त्रिकोणी तुकडा कापून दुसऱ्या बाजूला लावला की तेवढ्याच क्षेत्रफळाचा आयत तयार होतो. घसरण्याची जागा आयतामुळेच निर्माण होते. आयतात लगतच्या दोन बाजू गुणल्या की क्षेत्रफळ मिळते, कारण तेथे एक बाजू हीच दुसरीवरची उंची असते. ही सवय घेऊन मूल समांतरभुज चौकोनाकडे येते आणि तिरक्या बाजूलाच उंची समजते. एवढे वाक्य टाचणात लिहिले गेले की पुढच्या प्रत्येक रकान्यात काय लिहायचे ते बरेचसे ठरते.

३. मूल्यमापनाचे प्रश्न आधी लिहा

नमुन्यात मूल्यमापन शेवटी छापलेले असते, म्हणून ते शेवटी लिहिले जाते. तोपर्यंत रात्रीचे अकरा वाजलेले असतात आणि ‘सूत्र सांगा’, ‘व्याख्या सांगा’ असे दोन प्रश्न लिहून वही मिटली जाते. कच्च्या कागदावर मात्र सुरुवात येथूनच करावी. प्रश्न असा असावा की, ज्याला समजलेले नाही त्याचे उत्तर हमखास चुकेल आणि चूक पाहून काय समजले नाही तेही कळेल.

पहिला प्रश्न : समांतरभुज चौकोनाचा पाया ८ सेमी, लगतची तिरकी बाजू ५ सेमी आणि पायावरची उंची ४ सेमी आहे, तर क्षेत्रफळ काढा. उत्तर ३२ चौसेमी आहे. या प्रश्नाचे सारे बळ त्या अनावश्यक ५ सेमीमध्ये आहे. ते माप दिलेच नाही, तर मुलासमोर दोनच संख्या राहतात आणि त्या गुणण्यावाचून दुसरे काही करण्याजोगे उरत नाही. माझ्या पहिल्या टाचणातील वर्गात सोडवून घेतलेले उदाहरण तसेच होते. टाचणात उत्तराशेजारी संभाव्य चुकीची उत्तरेही लिहून ठेवावीत. ४० आले तर मुलाने दोन बाजू गुणल्या. २६ आले तर परिमिती काढली. १६ आले तर त्रिकोणाच्या सूत्राची आठवण होऊन निम्मे केले. फेरी मारताना वहीतली संख्या दिसताच कोणाला काय विचारायचे, हे त्यामुळे लगेच कळते.

दुसरा प्रश्न : याच चौकोनात ५ सेमीची बाजू पाया मानली, तर तिच्यावरची उंची ६.४ सेमी आहे. एका विद्यार्थ्याने क्षेत्रफळ ५ × ४ = २० चौसेमी असे काढले. त्याचे काय चुकले? येथे संगत उंचीची कल्पना तपासली जाते. पाया बदलला की उंची बदलते, आणि ५ × ६.४ केले की पुन्हा ३२च येतात. संख्या कोणत्याही घेऊन चालत नाहीत. त्या एकमेकींशी जुळल्या पाहिजेत, म्हणून प्रश्न वर्गात नेण्यापूर्वी आकृती मापाने काढून पाहावी.

तिसरा प्रश्न : ८ सेमी व ५ सेमी बाजूंची, कोपऱ्यांत हलणारी चौकट हळूहळू तिरकी केली, तर तिच्या आतील क्षेत्रफळ तेच राहील का? कारण सांगा. हा तोंडी प्रश्न आहे आणि त्याला दोन-तीन मिनिटे द्यावीत.

तीन प्रश्न पुरेसे आहेत. पाच प्रश्नांचे मूल्यमापन टाचणात भरगच्च दिसते, पण ते वर्गात पूर्ण झालेले मी क्वचितच पाहिले आहे.

४. प्रश्नांवरून उद्दिष्टे व स्पष्टीकरणे लिहा

आता प्रत्येक प्रश्नाकडे पाहून विचारावे : हे उत्तर देताना विद्यार्थी नेमके काय करतो? त्या क्रियेचे क्रियापद म्हणजेच स्पष्टीकरण.

- ज्ञान : विद्यार्थी समांतरभुज चौकोनाच्या क्षेत्रफळाचे सूत्र सांगतो.
- आकलन : विद्यार्थी दिलेल्या आकृतीत निवडलेल्या पायाची संगत उंची ओळखतो. सूत्रात तिरकी बाजू का येत नाही, हे कागदी आकृतीच्या आधारे स्पष्ट करतो.
- उपयोजन : विद्यार्थी दिलेल्या मापांतून आवश्यक तेवढी मापे निवडून क्षेत्रफळ काढतो. बाजू कायम ठेवून कोन बदलल्यास क्षेत्रफळ का बदलते, याची कारणमीमांसा करतो.

येथे दोन चुका पुन्हा पुन्हा होतात. पहिली, उद्दिष्ट शिक्षकाचे लिहिले जाते : ‘विद्यार्थ्यांना समांतरभुज चौकोनाच्या क्षेत्रफळाची माहिती देणे.’ माहिती देऊन झाली तरी मूल शिकले की नाही, हे या वाक्यावरून कधीच ठरत नाही. दुसरी चूक अधिक फसवी आहे. ‘विद्यार्थ्यास सूत्र समजते’ या वाक्यात कर्ता विद्यार्थीच आहे, परंतु समजणे डोळ्यांना दिसत नाही. ओळखतो, निवडतो, काढतो, तुलना करतो, कारण सांगतो या क्रिया दिसतात किंवा ऐकू येतात. एक साधी कसोटी आहे : मागच्या बाकावर बसलेल्या सहाध्यायी निरीक्षकाला ती क्रिया घडली की नाही, हे सांगता आले पाहिजे.

अभिरुची, अभिवृत्ती आणि कौशल्य यांचे एकेक उद्दिष्ट प्रत्येक टाचणात असावेच, असा समज प्रशिक्षणार्थींमध्ये आहे. ज्याची पडताळणी या तासिकेत होणार नाही ते या टाचणात लिहू नये, असे माझे ठाम मत आहे. मार्गदर्शक प्राध्यापकांनी आग्रह धरलाच, तर ‘गुण्याच्या साहाय्याने शिरोबिंदूतून पायावर लंब काढतो’ हे कौशल्याचे स्पष्टीकरण येथे प्रामाणिकपणे लिहिता येते, कारण कृतीत मुले ते खरोखरच करणार आहेत.

शब्दावलीविषयी एक सूचना. ब्लूम व सहकाऱ्यांच्या १९५६ च्या वर्गीकरणात ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण, मूल्यमापन असे स्तर होते. २००१ च्या सुधारित वर्गीकरणात ते स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन, निर्मिती असे झाले. तुमच्या महाविद्यालयाच्या नमुन्यात यांपैकी कोणते आहे, की उद्दिष्टांऐवजी ‘अध्ययन निष्पत्ती’ असा रकाना आहे, ते पाहून घ्यावे आणि दोन्हींची सरमिसळ टाळावी. क्रियापदे नीट असतील तर रकान्याचे नाव बदलल्याने टाचण बिघडत नाही.

५. कृती : ज्या ठिकाणी मूल घसरते तेथेच ती नेऊन ठेवा

कृतीची निवड करताना ‘मुलांना आवडेल का’ यापेक्षा ‘या कृतीशिवाय ते स्पष्टीकरण साध्य होईल का’ हे विचारावे. आपल्याला तिरकी बाजू आणि उंची वेगळ्या आहेत, हे मुलाच्या हातांना कळायला हवे आहे.

चौकटींच्या कागदावर ८ चौकटी लांबीचा पाया काढा. त्याच्या डाव्या टोकापासून ३ चौकटी उजवीकडे व ४ चौकटी वर जाऊन वरची ८ चौकटींची बाजू सुरू करा आणि टोके जोडा. तिरकी बाजू पट्टीने मोजली की बरोबर ५ सेमी भरते. म्हणजे मूल्यमापनातील आकृतीच मुलांच्या हातात येते. निम्म्या जोड्यांना मात्र वेगळी आकृती द्यावी : पाया ६, उंची ५ आणि वरच्या बाजूची उजवीकडची सरक २ चौकटी. सर्वांकडे एकच आकृती असेल, तर निघालेला निष्कर्ष त्या एका आकृतीपुरताच आहे, अशी शंका एखादे चौकस मूल घेते आणि ती योग्यच असते.

दोघांत एक आकृती आणि एक कात्री. मुले वरच्या डाव्या शिरोबिंदूतून पायावर लंब काढतात, त्या लंबावर कापतात, सुटलेला काटकोन त्रिकोण सरकवून उजव्या तिरक्या बाजूला लावतात आणि तयार झालेला आयत वहीत चिकटवतात. काही मुले कर्णावर कापतील, हे गृहीत धरून पाच-सहा आकृत्या जादा न्याव्यात. सरक पायापेक्षा मोठी असलेली, म्हणजे फार कललेली आकृती देऊ नये. तिच्यात लंब पायाच्या बाहेर पडतो आणि एका कापात आयत तयार होत नाही. सूत्र तेथेही खरे आहे, पण पहिल्या तासिकेत तो गुंता नको.

यानंतर विचारायचे प्रश्न टाचणात शब्दशः लिहावेत, कारण ऐन वेळी ते सुचत नाहीत. आयताची लांबी चौकोनाच्या कोणत्या मापाएवढी आहे? रुंदी कोणत्या मापाएवढी आहे? आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : ५ सेमीची तिरकी बाजू आता आयतात कोठे दिसते? मुले शोधतात आणि त्यांना कळते की ती आयताच्या कडेला राहिलेलीच नाही, जोडाच्या रेषेत आत गेली आहे. सूत्रात ती का नसते, याचे उत्तर त्या जोडरेषेत आहे. दुसऱ्या तुकडीत हा प्रश्न विचारल्यावर वर्ग क्षणभर गप्प झाला आणि मग एक मुलगी म्हणाली, “सर, ती चिकटवली तिथंच गेली.” सूत्र मी फळ्यावर त्यानंतर लिहिले.

पुठ्ठ्याची चौकट ही दुसरी कृती. छिद्रापासून छिद्रापर्यंत ४० सेमीच्या दोन व २५ सेमीच्या दोन पट्ट्या नटबोल्टने जोडाव्यात. प्रमाण ८ : ५ हेच राहते आणि शेवटच्या बाकापर्यंत दिसते. चौकट आयताकार धरून मग हळूहळू तिरकी करावी. बाजू त्याच राहतात, परिमिती तीच राहते आणि आतली जागा मात्र घटत जाते. बाजूंच्या गुणाकाराने क्षेत्रफळ मिळत असते, तर ती घटायला नको होती. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथे दिसते, परंतु ते तुम्ही सांगू नये. मूल्यमापनापर्यंत चौकट टेबलावर तशीच ठेवावी.

टाचणात ‘शिक्षक कृती’ व ‘विद्यार्थी कृती’ असे दोन रकाने असतात. दुसऱ्या रकान्यात ‘विद्यार्थी ऐकतात’, ‘विद्यार्थी निरीक्षण करतात’ एवढेच ओळीने आले असेल, तर कृती शिक्षकाचीच आहे असे समजावे आणि ती बदलावी.

६. प्रस्तावना व हेतुकथन

प्रस्तावनेत गोष्ट किंवा कोडे हवेच असे नाही. ८ सेमी व ५ सेमीच्या आयताचे क्षेत्रफळ विचारावे, ४० हे उत्तर फळ्याच्या कोपऱ्यात लिहावे आणि त्याच मापांचा समांतरभुज चौकोन दाखवून ‘याचेही ४०च का?’ असे विचारून हात वर करायला सांगावे. किती हात वर झाले, ते लिहून ठेवावे. हेतुकथन एका वाक्याचे असावे. या टप्प्यावर बरोबर उत्तर सांगितले, तर कृतीत शोधण्यासारखे काही राहत नाही.

७. वेळेची विभागणी

पस्तीस मिनिटांच्या तासिकेसाठी मी पुढील विभागणी केली होती : प्रस्तावना ४, कागदाची कृती १२, सूत्राची मांडणी ५, चौकट ४, मूल्यमापन ८ आणि गृहपाठ २ मिनिटे. कागदकामाला प्रत्यक्षात नेहमीच अधिक वेळ लागतो. वेळ कमी पडू लागला, तर काय गाळायचे ते टाचणातच समासात लिहावे. या पाठात चौकट आणि तिच्यावरचा तिसरा प्रश्न गाळता येतो व तो गृहपाठाला देता येतो. पहिले दोन प्रश्न गाळता येत नाहीत. जो प्रश्न गाळला जातो, त्याच्या टाचणातील स्पष्टीकरणासमोर ‘पडताळले नाही’ असे नंतर लिहावे लागते, आणि ते लिहिण्यात कमीपणा मानू नये.

फलक लेखनाचा आराखडा वेगळ्या पानावर काढावा. आकृती मध्यभागी, सूत्र तिच्याखाली आणि ‘४०?’ ही नोंद कोपऱ्यात तासिकेच्या शेवटपर्यंत न पुसलेली असावी.

८. मार्गदर्शन घेताना आणि पाठ झाल्यावर

मार्गदर्शक प्राध्यापकांकडे कच्चे टाचण पाठाच्या किमान दोन दिवस आधी न्यावे. पक्के करून नेले की दुरुस्त्या समासात दाटीवाटीने येतात आणि पुन्हा लिहिण्याचा कंटाळा येतो. नेण्यापूर्वी प्रत्येक स्पष्टीकरणाला क्रमांक द्यावा आणि तोच क्रमांक ज्या कृतीत व ज्या प्रश्नात ते येते तेथे लिहावा. एखाद्या स्पष्टीकरणाला कृती मिळाली पण प्रश्न मिळाला नाही, तर ती जागा लगेच दिसते. मागील वर्षीच्या विद्यार्थ्यांची टाचणे पाहावीत, पण उतरवू नयेत. त्यातील वर्ग, पट आणि तासिका तुमच्या नसतात आणि पहिल्याच अनपेक्षित उत्तराला ते टाचण थांबते.

पाठ झाल्यावर मूल्यमापनाचे कागद गोळा करून त्याच दिवशी चार गठ्ठ्यांत वेगळे करावेत : ३२, ४०, १६ आणि इतर. माझ्या दुसऱ्या तुकडीत ४०चा गठ्ठा लहान झाला होता, परंतु दुसऱ्या प्रश्नात २० बरोबर मानणारी मुले अजून बरीच होती. म्हणजे तिरकी बाजू ही उंची नाही, हे त्यांना कळले होते, पण पाया बदलला की उंचीही नवी शोधावी लागते, हे कळले नव्हते. त्यावरून विषय शिक्षकांच्या परवानगीने पुढच्या तासिकेची पहिली दहा मिनिटे मी मागून घेतली, तशीच न कापलेली कागदी आकृती ५ सेमीच्या बाजूवर उभी धरायला लावली आणि मुलांकडून नवा लंब काढून मोजून घेतला. तो ६.४ सेमी भरला.